लीज कंपनी म्हणते 6 टक्के, मला आले 9.43, सीए म्हणतात 15 च्या वर. खरा इम्प्लिसिट रेट कोणता?

मीनल_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, मालक माझे मोठे दीर, मी अकाउंट्स बघते. नवीन व्हीएमसी मशीन घ्यायचंय, किंमत जीएसटी सोडून बरोब्बर 20 लाख. बँक 11.5 टक्क्यांनी द्यायला तयार आहे पण 25 टक्के मार्जिन आपलं घाला म्हणते आणि वर गाळा तारण ठेवा म्हणते, त्यामुळे भाऊजींचं मन लीजकडे झुकलंय. लीज कंपनीचा माणूस मागच्या आठवड्यात येऊन कोटेशन देऊन गेला. पाच वर्षं, दरवर्षी 5,20,000 भाडं, जीएसटी वेगळा. तो म्हणाला ताई बघा, पाच वर्षांत 26 लाख देणार, म्हणजे जास्तीचे फक्त 6 लाख, वर्षाला 1,20,000, वीस लाखावर 6 टक्के झाले, बँकेच्या निम्मे.

मला एवढं कळतं की मुद्दल दरवर्षी कमी होत जातं त्यामुळे हे 6 टक्के काही खरे नाहीत. म्हणून मी एक्सेलला बसले आणि हे टाकलं:

```
=RATE(5,-520000,2000000)
```

उत्तर 9.43%. मला वाटलं चला, तरी बँकेपेक्षा दोन टक्के स्वस्तच. मग आमच्या सीएंना फोन केला तर ते म्हणाले "अहो पंधराच्या वर जाईल ते", आणि ऑडिटची गडबड होती त्यामुळे पुढे काही न सांगता फोन ठेवला. आता 9.43 कुठे आणि 15 कुठे. माझं कुठे चुकतंय का सीएंनी अंदाजाने सांगितलं? भाऊजींना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

तात्या_इस्लामपूर

मीनलताई, एवढं डोकं लावायची गरज नाही, साधा हिशोब आहे. फ्लॅट रेटला 1.8 ने गुणायचं, झाला खरा रेट. 6 गुणिले 1.8 म्हणजे 10.8. मी माझ्या जनरेटरला हेच केलं होतं. दहा लाखाचा जनरेटर, महिना 35,000 प्रमाणे 36 हप्ते. एकूण 12,60,000, म्हणजे 2,60,000 जास्तीचे, तीन वर्षांत, फ्लॅट 8.67 पडला. त्याला 1.8 ने गुणलं तर 15.6, आणि नंतर मुलाने कॉम्प्युटरवर काढलं तर 15.68 आलं. फरक किती, तर काहीच नाही. त्यामुळे तुमचं 9.43 पण चूक आणि सीएंचं 15 पण चूक, 10.8 धरून चाला.

सविता_दादर

हाच प्रश्न मलाही पडलाय. आमच्या दुकानाचा 9 वर्षांचा लीज आहे आणि भाडं दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढतं असं करारात लिहिलंय. म्हणजे आमचा इम्प्लिसिट रेट 5 टक्के धरायचा का?

जुना_लीजवाला

सविताताई, तो भाडेवाढीचा दर आहे, व्याजाचा नाही, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय नऊ वर्षांनी गाळा मालकाकडेच राहणार आणि त्याची किंमत बहुधा वाढलेलीच असणार, म्हणजे भाड्यातून तो गाळ्याची किंमत वसूल करून घेत नाहीये. मीनलताईंच्या केसमध्ये लीज कंपनी मशीनची जवळजवळ सगळी किंमत भाड्यातूनच परत घेतेय, म्हणून तिथे "या पैशावर तो किती टक्के कमावतोय" या प्रश्नाला अर्थ आहे.

आता मीनलताई, मी पंचवीस वर्षं लीज कंपनीच्या बाजूनेच बसून कोटेशनं बनवलीत, त्यामुळे तुमचा आकडा बघितल्याबरोबर पहिला प्रश्न हा की पहिलं भाडं कधी द्यायचंय? मशीन आल्या दिवशी का वर्ष संपल्यावर? कोटेशनच्या खालच्या बारीक अक्षरात असेल, नीट बघून सांगा.

मीनल_भोसरी

बघितलं दादा. लिहिलंय "वार्षिक भाडे आगाऊ देय, पहिले भाडे डिलिव्हरीच्या दिवशी". यावरून एवढा फरक पडतो?

जुना_लीजवाला

सगळा फरक यावरूनच पडतो. तुमचा 9.43 चा हिशोब चुकलेला नाही, पण तो दुसऱ्याच लीजचा आहे, ज्यात भाडं वर्षअखेरीला जातं.

थोडा वेळ लीज कंपनीच्या खुर्चीत बसा. हा दर तिचा आहे, त्यामुळे पैसे तिच्या खिशातून कधी गेले आणि तिच्या खिशात कधी आले एवढंच बघायचं. डिलिव्हरीच्या दिवशी तिने मशीनवाल्याला 20 लाख दिले आणि त्याच दिवशी तुमच्याकडून 5,20,000 घेतले, म्हणजे प्रत्यक्षात तिने तुम्हाला वापरायला दिले ते 14,80,000. वीस लाख तुमच्याकडे एक दिवससुद्धा नव्हते. आणि या 14,80,000 च्या बदल्यात ती पुढची चार वर्षं, प्रत्येक वर्षाच्या शेवटी, 5,20,000 घेणार, कारण दुसऱ्या वर्षाचं आगाऊ भाडं म्हणजेच पहिल्या वर्षाच्या शेवटचं भाडं. पाचव्या वर्षाच्या शेवटी काहीच येत नाही. म्हणजे हे 20 लाखाचं पाच वर्षांचं कर्ज नसून पावणेपंधरा लाखाच्या आसपासचं चार वर्षांचं कर्ज आहे, आणि व्याज मात्र तेच 6 लाख.

आता दर काढू. 14,80,000 ला 5,20,000 ने भागा, 2.846 येतं. कुठल्याही पीव्ही टेबलात, म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत देणाऱ्या तक्त्यात, चार वर्षांची ओळ धरा आणि 2.846 कुठे बसतं ते बघा. 15 टक्क्यांना 2.855 आहे, 16 ला 2.798. म्हणजे आपला दर पंधराच्या जरासा पुढे. 15 टक्क्यांनी चार भाड्यांची आजची किंमत येते 14,84,589 आणि 16 टक्क्यांनी 14,55,054. एका टक्क्यात 29,535 रुपये उतरले. आपल्याला पंधराच्या आकड्यापासून 4,589 खाली यायचंय, 4,589 भागिले 29,535 म्हणजे 0.155. दर आला 15.16 च्या घरात. एक्सेलला विचारायचं तर शेवटचा 1 विसरू नका, भाडं आगाऊ आहे हे त्या 1 वरूनच त्याला कळतं:

```
=RATE(5,520000,-2000000,0,1)
```

15.15% येईल. तुमच्या सीएंचं बरोबर आहे. आणि त्यांनी टेबल न बघता सांगितलं असेल तर बहुतेक करारातली "आगाऊ" ही एकच ओळ त्यांनी आधी वाचलेली असणार.

इंटर_मे_ग्रुप

सर मी सीए इंटर करतोय, दोन शंका. एक, क्लासमध्ये आम्ही 20,00,000 भागिले 5,20,000 म्हणजे 3.846 काढून पाच वर्षांच्या ओळीत शोधतो, तिथे मग 9 आणि 10 च्या मध्ये दर येतो, म्हणजे मीनलताईंनी केलं तेच. ते आगाऊ भाड्याला चालत नाही का? दोन, तुमच्या हाताच्या हिशोबाने 15.16 आलं आणि एक्सेलने 15.15, परीक्षेत कुठलं लिहायचं?

जुना_लीजवाला

पहिल्याचं उत्तर, 3.846 चालतं पण त्यातून 1 वजा करून मगच टेबलाकडे जायचं आणि ओळ चारची धरायची. तो 1 म्हणजे पहिल्या दिवशीचं भाडं, त्याला डिस्काउंट लागत नाही. पाचच्या ओळीत गेलास की तू वर्षअखेरीचं लीज सोडवतोयस. बहुतेक मुलं इथेच घसरतात, कारण प्रश्नात "आगाऊ" हा शब्द एकदाच कुठेतरी मध्येच आलेला असतो.

दुसऱ्याचं उत्तर, दोन्ही चालतील. दर वाढतो तशी आजची किंमत सरळ रेषेत उतरत नाही, आधी भराभर उतरते मग हळूहळू, आणि आपण दोन टोकं पट्टीने जोडतो. पट्टी त्या वळणाच्या वर राहते म्हणून हाताचा दर नेहमी किंचित जास्त येतो. दोन दर जवळचे घेतले, 15 आणि 16, तर फरक एका पैशाचा. 10 आणि 20 घेऊन पट्टी लावलीस तर मात्र चांगलीच चूक होईल, त्यामुळे आधी फॅक्टरवरून जवळ जायचं आणि मगच दोन दर निवडायचे.

पण माझ्या मते दर कसा काढला यापेक्षा तो तपासला का हे जास्त महत्त्वाचं. मीनलताई, तुम्हीही हे कागदावर करून बघा. 15.15 टक्क्यांनी चालवू. सुरुवातीला बाकी 14,80,000. पहिल्या वर्षाचं व्याज 2,24,220, भाडं 5,20,000 आलं, बाकी 11,84,220. दुसऱ्या वर्षी व्याज 1,79,409, बाकी 8,43,629. तिसऱ्या वर्षी व्याज 1,27,810, बाकी 4,51,439. चौथ्या वर्षी व्याज 68,393, एकूण येणं 5,19,832 आणि भाडं येतं 5,20,000. 168 रुपये जास्त आले, ते दराचे पुढचे दशांश सोडल्यामुळे. म्हणजे खातं बंद झालं, दर बरोबर. चारही व्याजांची बेरीज करा, 6 लाखाला तेवढेच 168 कमी पडतील.

आता हेच 9.43 ने करून बघा. पहिल्या वर्षी 14,80,000 वर व्याज 1,39,564 च फक्त, आणि असं करत चौथं भाडं येण्याच्या वेळेला येणं उरेल साधारण अडीच लाख, पण येणार मात्र 5,20,000. शेवटी एवढे पैसे जास्तीचे उरले की समजायचं, दर खूप कमी धरलाय.

मीनल_भोसरी

दादा, मी आत्ता वहीत दोन्ही चालवून बघितलं. 15.15 ला खरंच 168 च उरले. 9.43 ला शेवटी जवळजवळ 2,71,000 जास्तीचे येतायत. ते बघितल्यावर मला पटलं, सूत्रावरून नव्हतं पटलेलं. भाऊजींना हीच वही दाखवणार आहे.

तात्या_इस्लामपूर

मग माझ्या जनरेटरला 1.8 ने बरोबर उत्तर कसं आलं? का तेही चूकच होतं?

अनघा_कोथरूड

तात्या, चूक नव्हतं, तुमची केसच त्या नियमात बसणारी होती. मी एका बँकेत क्रेडिटला होते, तिथे हा 1.8 चा आकडा सगळ्यांच्या तोंडात असायचा. तो महिन्याच्या हप्त्यांना, हप्ता महिनाअखेरीला असेल तर आणि मुदत तीन-चार वर्षांची असेल तर बऱ्यापैकी जमतो. कारण महिन्याच्या हप्त्यात मुद्दल थोडं थोडं सतत उतरतं आणि सरासरी बाकी मूळ रकमेच्या निम्म्याहून जराशीच जास्त राहते. इथे भाडं वर्षातून एकदा जातं. वर्षअखेरीला असतं तर मुद्दल वर्षभर तसंच राहिलं असतं, मग 6 चे 9.43 होतात, म्हणजे गुणक दीडपेक्षा थोडा वर. आणि आगाऊ असल्यामुळे 6 चे 15.15, गुणक अडीचवर गेला. त्यामुळे कुठला तरी एक गुणक पाठ करून सगळ्या लीजना लावता येत नाही.

अजून एक गोष्ट सांगते, कारण मीनलताई बँकेच्या 11.5 शी तुलना करतायत. बँकेचे 11.5 हे महिन्याच्या हप्त्याचे आहेत, महिन्याला 0.958 टक्के. ते वर्षाच्या पट्टीवर आणले तर 12.13 होतात. तुमच्या लीजचे 15.15 मात्र आधीच वर्षाच्या पट्टीवर आहेत. म्हणजे तुलना 15.15 आणि 12.13 ची. तात्यांचे 15.68 पण वर्षावर आणले तर 16.86 होतील, म्हणजे जनरेटर त्यांना वाटतो त्याहून महाग पडलाय.

तात्या_इस्लामपूर

हे मला माहीत नव्हतं. मुलाला दाखवतो. एवढी वर्षं मी सगळ्यांना 1.8 सांगत आलो, आता विचारून सांगेन की हप्ता महिन्याचा आहे का.

पिंपरी_सेकंडहँड

माझा धंदा जुन्या मशीनचा आहे, व्हीएमसी, सीएनसी लेथ, ग्राइंडर. वरचा सगळा हिशोब वाचला, बरोबरच असेल, पण एक कोणी विचारलंच नाही की पाच वर्षांनी मशीन कोणाचं? चांगल्या ब्रँडचं, नीट वापरलेलं पाच वर्षांचं व्हीएमसी काही भंगारात जात नाही हो. माझ्याकडे अशी मशीनं येतात आणि महिन्याभरात उचलली जातात. ते मशीन लीज कंपनी घेऊन गेली तर तिला ते पैसे वेगळे मिळणार, ते या दरात कुठे आहेत?

मीनल_भोसरी

करारात असं आहे की पाच वर्षांनी मशीन कंपनीला परत, किंवा आम्हाला हवं असेल तर "त्यावेळच्या बाजारभावाने" आम्ही घ्यायचं. आकडा कुठेच नाही.

जुना_लीजवाला

पिंपरीवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. मी वर जो 15.15 काढला तो शेवटची किंमत शून्य धरून. पण व्याख्येने बघायचं तर लीज कंपनीच्या दरात भाडी तर येतातच, शिवाय शेवटी मशीनमधून तिला जे मिळेल असं ती आज धरून चाललीय तेही येतं, तुम्ही त्याची हमी दिलेली असो वा नसो. कारण ती किंमतसुद्धा तिला त्याच 20 लाखाच्या बदल्यात मिळतेय.

समजा तिने शेवटी 1 लाख धरलेत. मग आधीचीच भाडी, आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी अजून एक लाख. 16 टक्क्यांनी पाच भाड्यांची आजची किंमत 19,75,054 आणि त्या लाखाची 47,611, एकूण 20,22,665, म्हणजे वीस लाखाच्या वर. 17 टक्क्यांनी एकूण 19,92,093, म्हणजे खाली. मधला दर 16.74, पावणेसतराच म्हणा.

```
=RATE(5,520000,-2000000,100000,1)
```

2 लाख धरले तर 18.2 च्या आसपास जातो. म्हणजे शेवटच्या किमतीतल्या प्रत्येक लाखामागे साधारण दीड टक्का. पाच वर्षांनी मिळणारा लाख आज अर्ध्याहून कमी किमतीचा असतो तरी एवढा फरक, कारण मुळात तुमच्याकडे राहणारी रक्कमच लहान आहे.

आमच्याकडे कोटेशन बनवताना ही शेवटची किंमत मुद्दाम कमी धरायचे, कारण मशीन परत येईल तेव्हा कोणत्या अवस्थेत येईल याचा भरवसा नसतो. पण कमी म्हणजे किती हे त्या कंपनीच्या फाइलमध्येच असतं.

पिंपरी_सेकंडहँड

एक लाख तर कोणीच धरणार नाही. मला कोणी असं मशीन चालू अवस्थेत आणलं तर मी सहा-सात लाखाचं बोलणं सुरू करेन.

इंटर_मे_ग्रुप

7 लाख टाकून बघितले, 24 टक्क्यांच्या वर जातोय. हे खरं असू शकतं का?

जुना_लीजवाला

आकडा बरोबर आहे, 24.3. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. त्या दराने नुसत्या भाड्यांची आजची किंमत साडेसतरा लाखाच्या आसपास येते, वीस लाखातले अडीच लाख मशीनच्या शेवटच्या किमतीतून यायचेत. मग मशीनची जोखीम बरीचशी कंपनीकडेच राहिली का, आणि हे फायनान्स लीज म्हणायचं का ऑपरेटिंग, यावर वाद होऊ शकतो. मी ते इथे बसून ठरवणार नाही, करार आणि मशीनचं आयुष्य बघून तुमच्या सीएंनी ठरवावं.

पुस्तकात नोंद करायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा की लीज कंपनीने धरलेली शेवटची किंमत तुम्हाला कळत नसेल, म्हणजे तिचा दर तुम्हाला काढताच येत नसेल, तर स्वतःचा कर्जाचा दर, म्हणजे तेवढ्याच मुदतीचं आणि तारणाचं कर्ज तुम्हाला ज्या दराने मिळेल तो, वापरायला मुभा आहे. लीजच्या नोंदींची दोन मानकं आहेत, एएस 19 आणि इंड एएस 116, दोन्हींत ही मुभा आहे.

मीनल_भोसरी

एक राहिलंच. कोटेशनच्या दुसऱ्या पानावर प्रोसेसिंग फी 25,000 पण आहे, पहिल्या भाड्याबरोबर द्यायची. ती धरायची का?

अनघा_कोथरूड

धरायचीच. तुमच्या बाजूने बघा, 14,80,000 नाही, 14,55,000 च हातात आले. वर दादांनी 16 टक्क्यांना चार भाड्यांची किंमत काढली होती ती 14,55,054. म्हणजे शेवटची किंमत शून्य धरूनसुद्धा दर बरोब्बर 16 झाला. पंचवीस हजारात पाऊण टक्क्याहून जास्त.

जुना_लीजवाला

मीनलताईंना किती महाग पडतं यासाठी अनघाताईंचं शंभर टक्के बरोबर. पण लीज कंपनीचा इम्प्लिसिट रेट म्हणून मी थांबेन. कंपनीला करार जमवायला काही थेट खर्च होतो, एजंटचं कमिशन, कागदपत्रं. इंड एएस 116 च्या व्याख्येत तो खर्च 20 लाखात मिळवतात, एएस 19 च्या व्याख्येत तो नाहीये. फी 25,000 आली आणि एजंटला 25,000 गेले तर कंपनीच्या दराला काहीच झालं नाही, तुमच्या दराला मात्र झालं.

अनघा_कोथरूड

मला हे पटत नाही. एजंटला किती द्यायचं हा तिचा प्रश्न. बँकेत आम्ही फी उत्पन्नातच धरायचो आणि दरात पसरायचो.

जुना_लीजवाला

तुम्ही म्हणता तसं पसरायचंच, पण दोन्ही बाजू पसरायच्या, आलेलीही आणि गेलेलीही. बाहेरच्या माणसाला गेलेली दिसत नाही एवढंच.

रमेश_नाशिकरोड

मी काल हा हिशोब करून बघितला तर मला 5 टक्केच आला, सगळे 15-16 कसे म्हणताय? मशीन 23,60,000, भाडं 5,20,000 आगाऊ, पाच वर्षं.

इंटर_मे_ग्रुप

रमेशकाका, तुम्ही मशीन 18 टक्के जीएसटीसकट धरलंत आणि भाडं जीएसटी सोडून. लीज कंपनी मशीनवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेते, त्यामुळे तो तिच्या खिशातून गेलेला पैसा नाही. एक बाजू जीएसटीसकट आणि एक जीएसटीविना झाली की 15.15 चे 5.09 होतात. दोन्ही जीएसटी सोडूनच घ्या.

मीनल_भोसरी

मंडळी, काल लीज कंपनीचा माणूस परत आला होता. मी वही पुढे ठेवली आणि म्हटलं आम्हाला आगाऊ नको, वर्षअखेरीला भाडं हवंय. त्याने ऑफिसला फोन केला आणि नवीन आकडा दिला, वर्षअखेरीला 5,75,000, पाच वर्षं, फी तीच 25,000. आता घरात वेगळाच पेच झालाय. भाऊजी म्हणतात आधी 26 लाख जात होते, आता 28,75,000 जाणार, पावणेतीन लाख जास्त, तू स्वस्त करून आणलंस का महाग?

इंटर_मे_ग्रुप

ताई मी काढतो. 20,00,000 भागिले 5,75,000 म्हणजे 3.478, या वेळी पाचची ओळ कारण वर्षअखेरीला आहे. 13 टक्क्यांना 3.517, 14 ला 3.433. दर 13.46. फी धरली तर 19,75,000 वर 13.98. आधी फी धरून 16 होता.

जुना_लीजवाला

बरोबर काढलंस. मीनलताई, भाऊजींना एकूण बेरजेवरून नाही पटणार, तारखेवरून पटेल. पहिल्या कोटेशनमध्ये डिलिव्हरीच्या दिवशीच 5,45,000 बाहेर जात होते, मशीनने एक जॉब काढायच्या आत. आता त्या दिवशी फक्त 25,000 जातात आणि 5,20,000 वर्षभर तुमच्या वर्किंग कॅपिटलमध्ये राहतात. पावणेतीन लाख जास्त द्यायचेत हे खरंच, पण पैसे जास्त आणि जास्त दिवस वापरायचेही मिळतात. तुमचं कॅश क्रेडिट किती टक्क्यांनी चालतं?

मीनल_भोसरी

सीसी 12.25 ने आहे, पण लिमिट बहुतेक वेळ पूर्ण भरलेलंच असतं, दिवाळीच्या आधी तर कच्चा माल उधारीवरच घ्यावा लागतो.

जुना_लीजवाला

मग डिलिव्हरीच्या दिवशी 5,45,000 कुठून काढणार होतात ते भाऊजींना विचारा. आणि नवीन कोटेशनमध्ये "त्यावेळच्या बाजारभावाने" ही ओळ तशीच आहे का? असेल तर 13.98 हाही शून्य धरूनच आलेला आकडा आहे.

मीनल_भोसरी

तशीच आहे. मी त्याला म्हटलं शेवटचा आकडा आत्ताच लिहून द्या, 1 लाख म्हणा किंवा 2 लाख म्हणा, पण लिहा. तो म्हणाला ते वरच्या साहेबांना विचारावं लागेल, शुक्रवारी सांगतो. बँकेलाही मी मार्जिन 25 ऐवजी 15 होईल का असं विचारलंय. दोन्ही उत्तरं आली की इथे टाकते, पिंपरीवाले दादा तुम्ही पण लक्ष ठेवा.

पिंपरी_सेकंडहँड

ठेवतो ताई. मशीनचं मॉडेल आणि टेबल साइज टाका, म्हणजे पाच वर्षांनी मी किती देईन ते तरी आत्ता सांगू शकेन.